हात सुटला, जोर राहिला? नववीच्या ‘गतीचे नियम’ धड्यावरच्या प्रकल्प नोंदी

१८ जून

नववीच्या पुस्तकातला पहिलाच धडा ‘गतीचे नियम’. मुले तिन्ही नियम घडाघडा म्हणतात, v = u + at ची गणितेही सोडवतात. पण वर फेकलेला चेंडू दाखवून ‘आत्ता याच्यावर कोणते बल आहे?’ असे विचारले, की धडा बाजूला राहतो आणि वेगळेच उत्तर येते. यंदा मी ‘अ’ तुकडीसाठी आणि सहकारी मॅडम ‘ब’ तुकडीसाठी, या एकाच प्रश्नाभोवती तासांची आखणी करायची असे ठरवले आहे.

बल आणि गतीबद्दलचे गैरसमज पुष्कळ आहेत. जड वस्तू आधी पडते, ट्रक आणि रिक्षा धडकली तर ट्रकचे बल जास्त, टेबलावर नुसत्या ठेवलेल्या पुस्तकावर बलच नसते, असे कितीतरी. सगळ्यांना एकदम हात घातला तर कशालाच धक्का लागणार नाही. म्हणून एकच निवडला: वस्तू ज्या दिशेने चालली आहे त्या दिशेने तिच्यावर बल असलेच पाहिजे. हा समज जागेवर असेल तर पहिला नियम पाठ होतो, पटत नाही. आणि पहिला पटला नाही तर दुसरा नियम नुसते सूत्र होऊन बसतो.

निदान प्रश्नपत्रिका आज तयार केली. एकाच पानावर तीन चित्रे: चेंडू हातातून सुटून वर जातोय, चेंडू सर्वांत वरच्या बिंदूवर आहे, चेंडू खाली येतोय. सूचना दोनच. चेंडूवरची सगळी बले बाणांनी दाखवा, बल जास्त असेल तर बाण लांब काढा. आणि प्रत्येक बाण का काढला ते एका ओळीत लिहा. हवेचा विरोध सोडून द्या असे फळ्यावर लिहायचे.

पर्याय मुद्दाम दिले नाहीत. १९९२ साली हेस्टेनिस, वेल्स आणि स्वॅकहॅमर यांनी बलाच्या संकल्पनेवरची जी चाचणी तयार केली, तीत वर फेकलेल्या चेंडूचा प्रश्न बहुपर्यायी स्वरूपात आहे. वर्षाच्या शेवटी तसा प्रश्न उपयोगी पडेल. आत्ता मात्र मला मुलांची स्वतःची वाक्ये हवी आहेत, कारण पुढचे सगळे तास त्या वाक्यांवरच उभे करायचे आहेत.

२० जून

पाने तपासली. बरोबर उत्तर, म्हणजे तिन्ही चित्रांत खालच्या दिशेने एकाच लांबीचा एकच बाण, अगदी थोड्या मुलांनी काढले. त्यातल्याही काहींनी कारणाच्या ओळीत ‘गुरुत्वाकर्षण नेहमी असते’ एवढेच लिहिले आहे. वरच्या दिशेचा बाण का नाही, याचा त्यांनी विचार केला असेलच असे यावरून म्हणता येत नाही.

सर्वांत जास्त मुलांचे उत्तर एकाच साच्याचे आहे. एका मुलाचे पान समोर ठेवून ते उतरवून घेते. पहिल्या चित्रात वरच्या दिशेने लांब बाण, शेजारी ‘हाताचा जोर’, आणि खालच्या दिशेने आखूड बाण, ‘पृथ्वीची ओढ’. दुसऱ्या चित्रात दोन्ही बाण पट्टीने मोजून सारखे काढले आहेत. शेजारी वाक्य: ‘जोर कमी होत होत पृथ्वीच्या ओढीएवढा झाला म्हणून चेंडू क्षणभर थांबला.’ तिसऱ्या चित्रात वरचा बाण इवलासा, खालचा लांब. ‘जोर संपत आला, आता पृथ्वी जिंकली.’

या उत्तरात तर्काची चूक शोधून सापडत नाही. तिन्ही चित्रे एकमेकांशी जुळतात, चेंडू जसा वागताना दिसतो त्याच्याशीही जुळतात. ‘अभ्यास केला नाही’ असा शेरा याच्यावर मारणे अन्यायाचे होईल. पिसाला शिकवत असताना, १५९० च्या सुमारास, तरुण गॅलिलिओने ‘दे मोतू’ या हस्तलिखितात वर फेकलेल्या वस्तूचे जवळजवळ हेच स्पष्टीकरण लिहून ठेवले होते: फेकणारा वस्तूत बल ठसवतो, ते हळूहळू ओसरते, वजनाच्या बरोबरीला आले की वस्तू वळते आणि खाली येऊ लागते. त्याच्याही आधी, चौदाव्या शतकात पॅरिसच्या बुरिदानने फेकलेल्या वस्तूत शिरणाऱ्या अशा प्रेरणेची सविस्तर मांडणी केली होती. जे सोडायला गॅलिलिओला वर्षानुवर्षे लागली, ते माझ्या वर्गाने पस्तीस मिनिटांच्या एका तासात सोडावे अशी अपेक्षा मी ठेवणार नाही. पण वर्ष संपेपर्यंत ते सुटावे, यासाठी जे करता येईल ते करायचे आहे.

२३ जून

सहकारी मॅडमशी बसून पहिला मोठा निर्णय घेतला. चेंडू फेकून दाखवायचा आणि मग बरोबर उत्तर सांगायचे, हा प्रयोग आखणीतून काढून टाकला.

कारण असे. मुलांचा नियम आहे: मोठ्या बाणाकडे वस्तू जाते, बाण सारखे झाले की वस्तू थांबते. या नियमाने चेंडू वर जाणार, थांबणार, खाली येणार हे तिन्ही अंदाज बरोबर येतात. न्यूटनच्या नियमानेही तेच येतात. ज्या प्रयोगात दोन्ही नियमांचे उत्तर एकच आहे, तो प्रयोग कितीही वेळा केला तरी मुलाला आपलेच खरे ठरल्यासारखे वाटणार. तेव्हा दोन नियम जिथे वेगळे अंदाज देतात अशी जागा शोधायला हवी.

पोस्नर, स्ट्राइक, ह्यूसन आणि गर्टझॉग यांनी १९८२ मध्ये संकल्पना बदलण्यासाठी चार अटी मांडल्या: जुन्या कल्पनेबद्दल असमाधान वाटले पाहिजे, नवी कल्पना समजली पाहिजे, ती शक्य कोटीतली वाटली पाहिजे आणि तिने पुढचे काही सुटले पाहिजे. आपण बहुतेक वेळा दुसऱ्या अटीवरच सगळा तास घालवतो. पहिल्या अटीसाठी नुसते ‘तुझे चूक आहे’ म्हणून चालत नाही, मुलाला स्वतःच्या नियमाने काढलेला अंदाज फसताना दिसावा लागतो. आणि त्यासाठी तो अंदाज त्याने आधी वहीत लिहिलेला हवा, नाहीतर ‘मला तेच वाटत होते’ म्हणून सुटका होते.

२५ जून

मधल्या सुट्टीत चार-पाच मुलांशी वेगवेगळे बोलले. त्यांना त्यांच्या ‘जोरा’बद्दल आणखी बोलते करायचे होते, दुरुस्त करायचे नव्हते. एका मुलीशी झालेले बोलणे लगेच लिहून ठेवले:

‘तो जोर आत्ता कुठे आहे?’
‘चेंडूत, मॅडम. हातातून चेंडूत गेला.’
‘हातात नुसता धरून ठेवला तेव्हा होता?’
‘नाही. फेकल्यावर येतो.’
‘चेंडू जमिनीवर आपटून उसळला आणि वर चालला, तर?’
‘मग जमिनीचा जोर.’
‘बरं. एक चेंडू तू फेकलास, दुसरा जमिनीवरून उसळला. खिडकीसमोरून जाताना दोघांचा वेग सारखाच आहे. पुढे कोणता जास्त वर जाईल?’
थोडा वेळ गप्प. मग, ‘सारखेच जातील.’
‘मग खिडकीतून बघणाऱ्याला कळेल का, कुणाला हाताचा जोर आहे आणि कुणाला जमिनीचा?’
‘नाही कळणार. वेग तेवढा कळेल.’

पुढच्या आखणीचा धागा या शेवटच्या वाक्यात सापडला. मुले ज्याला जोर म्हणतात ते चेंडूत खरोखर काहीतरी आहे. ते फेकण्यातून येते, वेगाबरोबर कमी-जास्त होते, आणि कुठून आले याची खूण त्यावर राहत नाही. पुस्तकात याच धड्यात त्याची राशी आलेली आहे: संवेग, वस्तुमान गुणिले वेग. म्हणजे मुलांची कल्पना खोडून टाकायची गरज नाही. ती बलाच्या रकान्यातून उचलून संवेगाच्या रकान्यात ठेवायची आहे. मात्र हे मुलांना आत्ता सांगायचे नाही. आधी बलाच्या रकान्यात ती बसत नाही हे त्यांना दिसले पाहिजे.

२८ जून – पहिला तास

आजचा नियम एकच: बाण काढला की त्याच्याशेजारी दोन नावे लिहायची. बल कोण लावतो आणि कशावर लावतो. नावे लिहिता आली नाहीत तर बाण पुसायचा.

सुरुवात टेबलावरच्या दप्तरापासून केली. पृथ्वी–दप्तर, टेबल–दप्तर. मग ढकलले जाणारे दप्तर: हात–दप्तर, टेबलाचे घर्षण–दप्तर. इथपर्यंत सगळे सोपे गेले. मग वर चाललेला चेंडू. खालच्या बाणाला ‘पृथ्वी–चेंडू’ सगळ्यांनी लिहिले. वरच्या बाणाला बऱ्याच जणांनी ‘हात–चेंडू’ लिहिले. शेजारच्या बाकावरून लगेच आक्षेप आला, ‘हात तर खाली आहे.’ मग काहींनी खोडून ‘चेंडू–चेंडू’ केले.

हे होणार हे धरून एक कृती राखून ठेवली होती. ‘चेंडू–चेंडू’ म्हणणाऱ्या मुलांना खुर्चीवर पाय उचलून बसायला सांगितले आणि त्याच खुर्चीच्या कडा धरून स्वतःला वर उचलायला सांगितले. कडा ओढून हात लाल झाले, खुर्ची हलली नाही. वस्तू स्वतःवर बल लावून स्वतःला पुढे नेऊ शकत नाही, हे त्यांनी आपल्याच शब्दांत वहीत लिहिले.

सगळ्यात चांगला आक्षेप मात्र मागच्या बाकावरून आला. ‘पृथ्वी पण चेंडूला चिकटलेली नाही. ती लांबून ओढते तर हात लांबून का नाही ढकलणार?’ या प्रश्नाला ‘गुरुत्वाकर्षण वेगळे असते’ असे उत्तर देऊन पुढे जाता आले असते, पण मग मुलाच्या हाती काहीच लागले नसते. चुंबक आणि टाचणी काढली. चुंबक लांबूनही ओढतो. पण तो उचलून खिशात घातला की टाचणीवर काही परिणाम उरत नाही. म्हणजे लांबून लागणारे बलसुद्धा आत्ता समोर असलेल्या वस्तूकडून लागते, मघाशी असलेल्या वस्तूकडून नाही. मग वर्गानेच कसोटी ठरवली: चेंडू सुटल्यावर हात पाठीमागे लपवला तर चेंडूला काही फरक पडतो का? करून पाहिले. पडत नाही.

तास संपताना बऱ्याच वह्यांत वरचा बाण पुसलेला होता. पण दोघी-तिघींनी बाण पुसून कोपऱ्यात ‘पण मग वर का जातो?’ असे लिहिले. मला हवे असलेले असमाधान या ओळीत आहे. याचे उत्तर आज दिले नाही.

१ जुलै – दुसरा तास

दोन नियम वेगळे अंदाज देतात ती जागा आज वापरली. चेंडूचा वेग दर दशांश सेकंदाला किती बदलतो, ही ती जागा. मुलांच्या चित्रानुसार वर जाताना बाणांची वजाबाकी सतत बदलते, शिखरावर ती शून्य होते. तेव्हा वेगातला बदलही वाटेत वेगवेगळा असायला हवा आणि शिखराजवळ तो जवळजवळ थांबायला हवा. एकटी पृथ्वीच ओढत असेल तर बदल सगळीकडे सारखा यायला हवा, शिखरावरसुद्धा. दोन्ही अंदाज वहीत आधी लिहून घेतले आणि प्रत्येकाने आपला अंदाज कोणता त्यावर खूण केली.

साधने: भिंतीवर उभी चिकटवलेली शिंप्याकडची दोन फिती, पिवळा टेनिसचा चेंडू, सेकंदाला ३० चौकटी घेणारा मोबाइल. मोबाइल भिंतीपासून तीन मीटरवर स्टुलावर ठेवला, साधारण शिखराच्या उंचीला. चेंडू भिंतीला जवळजवळ लागून फेकायचा. तो भिंतीपासून ३० सेंटिमीटर पुढे असेल तर फितीवर त्याची हालचाल सुमारे एक दशांशाने मोठी दिसते. हे मुलांनी आधी बोट डोळ्यांसमोर धरून पाहिले, मग नेम धरून फेकणारा कोण हे ठरवले.

एका गटाने प्रत्येक चौकट वाचायला घेतली आणि त्यांचे आकडे वाटेल तसे उड्या मारू लागले. कारण पाहण्यासारखे आहे. एका चौकटीपासून पुढच्या चौकटीपर्यंत अंतरातला फरक फक्त एक सेंटिमीटरच्या आसपास बदलतो, आणि धूसर दिसणारा चेंडू फितीवर वाचताना एक सेंटिमीटर इकडेतिकडे होतोच. दर तिसरी चौकट घेतली, म्हणजे दर ०.१ सेकंदाला वाचन केले, तर तोच बदल नऊपट होतो आणि वाचनातल्या चुकीच्या वर डोके काढतो. त्या गटालाही मग तिसरी चौकट घ्यायला सांगितली.

एका गटाच्या उंच्या, जमिनीपासून सेंटिमीटरमध्ये, अशा आल्या:

११२, १५७, १९०, २१५, २३०, २३४, २३०, २१४, १९१, १५६

लागोपाठच्या दोन उंच्यांतला फरक म्हणजे त्या ०.१ सेकंदात चेंडू किती सरकला:

४५, ३३, २५, १५, ४, −४, −१६, −२३, −३५

आणि हे सरकणे प्रत्येक वेळी किती कमी झाले:

१२, ८, १०, ११, ८, १२, ७, १२

या तिसऱ्या ओळीवर वर्ग बराच वेळ थांबला. आकडे तंतोतंत सारखे नाहीत. एकाने लगेच विचारले, ‘सारखा बदल कुठे आहे? सात पण आहे, बारा पण आहे.’ त्याला वाचनातली चूक स्वतः तपासायला सांगितले: तीच चित्रफीत शेजारच्या गटाने वाचली, त्यांचे आकडेही सात ते बाराच्या मध्येच आले, पण वेगळ्या क्रमाने. म्हणजे हा वरखालीपणा चेंडूचा नाही, वाचणाऱ्याचा आहे. सरासरी दहा. मधला आठ हा शिखरावरचा आकडा, चार वरून उणे चारवर येतानाचा. मुलांच्या अंदाजाप्रमाणे तिथे शून्याच्या जवळ काहीतरी यायला हवे होते.

एक मुलगी म्हणाली, ‘वर थांबल्यावरसुद्धा पृथ्वी तेवढंच ओढतेय.’ मग मी एवढेच विचारले: शिखरावर दोन्ही बाण सारखे असते, म्हणजे बले संतुलित असती, तर पहिल्या नियमाप्रमाणे थांबलेल्या चेंडूने काय करायला हवे होते? उत्तर दोन-तीन बाकांवरून एकदम आले. तिथेच राहायला हवे होते.

दर ०.१ सेकंदाला वेग सेकंदाला सुमारे एक मीटरने कमी होतो, म्हणजे एका सेकंदात सुमारे १० मीटर प्रति सेकंदाने. g चा आकडा पुस्तकात पुढे येतो. यांना तो आजच मिळाला, पण त्याचे नाव सांगितले नाही. विषय तिकडे गेला असता.

४ जुलै

मैदानावर बाटलीचा प्रयोग. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीला तळाशी खिळ्याने भोक, झाकण काढलेले. बाटली हातात धरली की धार पडते. जोराने वर रेटत नेली की हाताच्या रेट्यापुरती धार लांब जाते. हातातून सुटली की धार बंद, वर जातानाही बंद, शिखरावरही, खाली येतानाही. डोळ्यांना हे नीट पकडता येत नाही, म्हणून मोबाइलवर संथ गतीने चित्रित करून वर्गात दाखवले. बाटली फार गिरक्या घेणार नाही अशी सरळ फेकावी लागते. फेकायचे काम पीटीच्या सरांनी केले.

धार इथे हाताच्या रेट्याचे माप आहे. हात लागलेला असेपर्यंत ती दिसते, सुटल्या क्षणी जाते. वर जाणे, थांबणे, खाली येणे या तीन वेगळ्या अवस्था नसून एकच अवस्था आहे, हे आकड्यांपेक्षा या प्रयोगाने जास्त मुलांना पटले.

या प्रयोगाची मर्यादाही एका मुलाने आपण होऊन सांगितली: ‘जोर पाण्यातही गेला आणि बाटलीतही, म्हणून दोघे बरोबर चालले असतील.’ त्याचे म्हणणे बरोबर आहे. एकटी बाटली जोराची कल्पना पाडू शकत नाही. म्हणूनच ती मोजमापाच्या तासानंतर ठेवली आहे, आधी नाही. त्याला तिसरी ओळ पुन्हा काढून दाखवायला सांगितले. तो जोर बल असता तर ही ओळ कशी दिसली असती, ते त्याने स्वतःच फळ्यावर मांडले.

७ जुलै – तिसरा तास

‘पण मग वर का जातो?’ या प्रश्नाचा दिवस.

कॅरम बोर्ड वर्गात आणला. बोर्डाच्या कडेला रबर ताणून बांधले आणि स्ट्रायकर दर वेळी पेन्सिलीच्या त्याच खुणेपर्यंत मागे ओढून सोडला. आधी बोर्डाचा भाग ओल्या फडक्याने पुसून वाळवून, मग बोरिक पावडर टाकून. आधी अंदाज वहीत. जोर आपोआप ओसरत असेल तर दोन्ही वेळा स्ट्रायकर सारखाच जायला हवा, कारण रबराने जोर सारखाच दिला आहे. पावडरीवर तो समोरच्या फळीवर आपटून परत आला. कोऱ्या लाकडावर मध्येच थांबला.

एकजण म्हणाला, ‘घर्षण जोर खातं.’ मला हवे ते वाक्य हेच. घर्षण नसेल तर कोण खाईल? कुणीच नाही. मग तो किती लांब जाईल? यावर वर्गात बरीच बाचाबाची झाली आणि शेवटी ‘जातच राहील’ यावर बहुतेक जण आले. इथे फळ्यावर दोन रकाने काढले. एकात बल: कोणाकडून तरी कशावर तरी, लागते तोवरच असते, वेग बदलते. दुसऱ्यात संवेग: वस्तूचा स्वतःचा, बल थांबल्यावरही राहतो, बल लागल्यावरच बदलतो. मग पहिल्या दिवशीच्या पानांतली वाक्ये एकेक वाचून कोणती कुठल्या रकान्यात जाते ते मुलांनी ठरवले. ‘जोर हातातून चेंडूत गेला’ हे वाक्य दुसऱ्या रकान्यात गेले. ‘जोर पृथ्वीच्या ओढीएवढा झाला’ हे कुठेच बसेना, कारण संवेग आणि बल या एका मापाच्या गोष्टीच नाहीत, त्यांची तुलना होत नाही. हे एका मुलाने एककांवरून दाखवले: एक kg m/s, दुसरे N.

चेंडू वर जातो कारण सुटताना त्याला वरच्या दिशेचा वेग आहे. पृथ्वी तो दर सेकंदाला ठरावीक मापाने कमी करत नेते. मुलांनी हे लिहिले, मी सांगितले नाही.

५ ऑगस्ट

धडा मागे पडून चार आठवडे झाले. घटक चाचणीच्या धामधुमीत, आधी न सांगता, अर्धे पान दिले. तीन प्रश्न: वर फेकलेला चेंडू, षटकार मारल्यावर हवेतला चेंडू, आणि ज्वारीच्या राखणीत गोफणीतून सुटलेला दगड. तिन्हींवर बाण आणि नावे.

पहिल्या प्रश्नात वरचा बाण आता क्वचितच दिसतो. षटकाराच्या चेंडूवर मात्र पुष्कळांनी पुढच्या दिशेने ‘बॅट–चेंडू’ काढला आहे. गोफणीच्या दगडावर तर पहिल्या दिवशीचाच वर्ग परत आला: ‘गोफणीचा जोर’, काहींनी तो गोल वळवूनही काढला, कारण दगड गोल फिरत होता. पहिला प्रश्न बरोबर सोडवून त्याच पानावर तिसरा चुकवणारी मुले बरीच आहेत.

अँड्रिया डिसेसा यांचे म्हणणे इथे उपयोगी पडते. त्यांच्या मते मुलांच्या डोक्यात पूर्ण जुळवलेला एक सिद्धांत नसतो, अनुभवातून आलेले छोटे छोटे तुकडे असतात आणि समोरच्या प्रसंगाप्रमाणे त्यातला एखादा जागा होतो. मॅकक्लोस्की यांच्यासारखे अभ्यासक याला सुसंगत सिद्धांत मानत आले. आमच्या पानांवरून वाद सुटणार नाही, पण आखणी कशी करायची ते ठरते. एक सिद्धांत असता तर तो चेंडूपाशी पडल्यावर गोफणीपाशीही पडला असता. तसे झाले नाही. तेव्हा प्रत्येक प्रकारच्या प्रसंगापाशी थोडे थोडे जावे लागणार.

शिवाय षटकार आणि गोफणीत मारणाऱ्याचा जोर डोळ्यांत भरतो. हलक्या हाताने वर सोडलेल्या चेंडूपाशी पुसलेला बाण तिथे परत काढायचा मोह जास्त होतो, हे साहजिक आहे.

९ ऑगस्ट

सहकारी मॅडमच्या ‘ब’ तुकडीतही हेच चित्र आहे. तिथे बाटलीचा प्रयोग पावसामुळे झाला नाही, बाकी आखणी तीच. तीन चित्रांपैकी शिखराच्या चित्रात ‘ब’ तुकडीची पाने आमच्यापेक्षा थोडी कच्ची वाटली. दोन तुकड्यांवरून बाटलीला श्रेय देणे बरोबर होणार नाही, कारण शिकवणारी वेगळी, मुले वेगळी.

पुढचे ठरले ते असे. सत्र संपेपर्यंत दर आठवड्याला एका तासाची शेवटची दहा मिनिटे. प्रत्येक वेळी एक नवा प्रसंग, आधी वहीत बाण आणि दोन नावे, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग फळ्यावर. क्रम: आडवा फेकलेला चेंडू, षटकार, चालत्या एस.टी.तून खिडकीबाहेर सुटलेला लिंबू, गोफण. गोफणीसाठी मैदानावर दोरीला टेनिसचा चेंडू बांधून फिरवायचा आणि वर गच्चीवरून चित्रित करायचे. दोरी हातातून सुटताना चेंडू वर्तुळाच्या स्पर्शिकेने सरळ जातो, वळत जात नाही, हे वरून पाहिले तरच दिसते. फिरवताना बाकीची मुले कुंपणापलीकडे उभी करायची. फिरवायला पीटीचे सरच, त्यांना विचारून ठेवले आहे.

निदान पानात एक बदल: चौथे चित्र घातले, जमिनीवरून उसळून वर चाललेला चेंडू. २५ जूनच्या बोलण्यात त्यानेच मुलीला ‘वेग तेवढा कळेल’ इथपर्यंत आणले होते. पुढच्या वर्षीच्या नववीला पहिल्याच दिवशी ते चौथे चित्रही देऊन बघायचे.

‘ब’ तुकडीची बाटली पुढच्या उघडिपीच्या दिवशी करायची आहे. खिळ्याचे भोक बारीक पडले तर धार दिसत नाही, साधारण तीन मिलिमीटरचे हवे. बाटल्या आणि फिती प्रयोगशाळेच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या आहेत.